अश्विनीच्या जागी समई

घोडेगावच्या बाजारतळासमोर गोरक्षनाथचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं माणसं मोठी करून मिळतात. जिवंत माणूस वाढदिवसाला मोठा होतो, गेलेला दशक्रियेला, आणि ज्याचं अजून काहीच झालेलं नाही तो निवडणुकीच्या तोंडावर 'भावी' म्हणून. मोठं करण्याचं हे काम स्टेला करायची. नगरच्या एका फोटो स्टुडिओत तिची उमेदवारी झाली होती. लग्नानंतर ती घोडेगावला आली, आणि माऊस धरणारा तिच्याइतका स्थिर हात त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. हे ती स्वतःच सांगायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगायची गरज पडली नाही.

माणूस मोठा करायचा तर आधी तो कापावा लागतो. मूळ फोटोत तो कुठल्यातरी लग्नात जेवत असतो, मागं पाण्याचा टँकर असतो, खांद्यावर मेव्हण्याचा हात असतो. त्या सगळ्यातून सोडवून त्याला हिरव्यागार डोंगरापुढं नेऊन उभं करायचं. कधी माणूस तोच राहतो आणि त्याच्या शेजारचा बदलतो. पक्ष बदलला की नेता बदलतो, भाऊबंदकी लागली की भाऊ निघतो. स्टेलानं अशी पुष्कळ माणसं काढली होती, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. माणूस काढला की तिथं भोक पडतं आणि ते कशानं बुजवायचं, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न.

गोरक्षनाथला मात्र हाही प्रश्न पडायचा बंद झाला होता. फोटोशॉपचं नवं व्हर्जन आलं आणि त्यात त्याला 'सिलेक्ट सब्जेक्ट' सापडलं. एक बटण दाबायचं, फोटोत मुख्य कोण ते कॉम्प्युटरच ओळखतो आणि त्याच्याभोवती तुटक रेघांची, मुंग्यांसारखी रांग फिरायला लागते. तेव्हापासून गोरक्षनाथच्या लेखी जगातलं प्रत्येक काम अर्ध्या मिनिटाचं झालं. गिऱ्हाईक दारात दिसलं की तो आतूनच ओरडायचा, "बसा, चहा येईपर्यंत होतंय." चहा लांबून आणावा लागत नसे, शेजारीच टपरी होती.

त्या बटणानं एका भावी सरपंचाच्या फेट्याचा तुरा खाल्ला होता आणि त्याच्या काखेत प्लॅस्टिकच्या खुर्चीचा हात ठेवून दिला होता. तो फ्लेक्स चौकात लागला, माणूस निवडणुकीत पडला, आणि पडण्याचं कारण खुर्चीचा हात आहे असं तो अजून सांगतो. स्टेलानं तेव्हा गोरक्षनाथला समजावलं होतं, की बटण वाईट नाही, पण त्याला फक्त मोठं काय आणि मागचं काय एवढंच कळतं. कोण कुणाचा हे त्याला कळत नाही. गोरक्षनाथ म्हणाला, "ते मलाबी कळत न्हाई, म्हनून काय धंदा बंद करू?"

तो दिवस बाजाराचा नव्हता, त्यामुळे रस्ता मोकळा होता आणि गोरक्षनाथ नेवाशाकडं एक कमान बांधायला गेला होता. दुकानात एक म्हातारा आणि त्याच्यामागून एक म्हातारी आली. म्हाताऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली, धोतराच्या कनवटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रातून फोटो. म्हातारी बाकावर बसली आणि पदर तोंडापाशी धरून छपाईच्या मशीनकडं बघत राहिली.

"दहावा हाय," म्हातारा म्हणाला. "मोठा फोटो करायचाय. मी सूर्यभान. ही आमची छबूबाई."

"कोण गेलं, बाबा?" स्टेलानं आवाज खाली घेऊन विचारलं. हा प्रश्न विचारायचा तिचा एक ठरलेला आवाज होता.

"हौश्या."

"तुमचे भाऊ?"

"बैल."

स्टेलानं आवाज आहे तिथंच ठेवला. बैलाचा दहावा घालणारं घर तिला नवं नव्हतं. त्या भागात ज्याचं बैलावर पोट चाललं तो बैलासाठी कीर्तन ठेवतो, पंगत घालतो, फ्लेक्सही लावतो. हौश्या वीस वर्षांवर त्यांच्या दावणीला होता आणि शेवटी वयानंच गेला, हे सूर्यभाननं अभिमानानं सांगितलं.

फोटो जुना होता. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली नारिंगी तारीख होती, साल नव्याण्णव. कागद खरबरीत, त्या काळी फोटोवाले 'सिल्क' म्हणून देत तसला, आणि सगळा पिवळसर पडलेला. समोरच्याच बाजारतळावर काढलेला होता तो. मधोमध एक ऐन उमेदीतला पांढरा खिल्लारी गोऱ्हा, मागं टेम्पो आणि माणसांची गर्दी. गोऱ्ह्याच्या मानेला लागून एक मुलगी उभी होती, तेरा-चौदा वर्षांची, शाळेच्या पांढऱ्या ब्लाऊजमध्ये आणि निळ्या स्कर्टमध्ये. तिनं हात लांब करून कासरा अगदी वेसणीजवळ धरला होता, आणि ती हसत नव्हती.

"बैल ठेवायचा," सूर्यभान म्हणाला. "बाकी सचिन सांगंल. आमचा पोरगा. फोन लावून द्या."

सचिननं फोनवर झटझट सांगितलं, कारण त्याच्याकडं मंडपवाला उभा होता. "मॅडम, दहा बाय आठ करा. बैल मधी. मागं हिरवं शेत टाका. आन ती पोरगी काढून तिच्या जागी समई टाका, पेटलेली. माझे सासरचे येनार हायेत, फोटोत ती नको."

"कोण आहे ती?"

"हुती कुनीतरी," सचिन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

स्टेलानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हातारा पंख्याकडं बघत होता. म्हातारी मशीनकडंच बघत होती, आणि मशीन बंद होतं.

"थोरली आमची," सूर्यभान पंख्याला म्हणाला. "अश्विनी. नगरला डीएड करीत हुती. तिथं सम्राट नावाचं एक पोरगं. बौद्धाचं. लगीन केलं तिनं. दोघं बी मास्तर हायेत, तिकडं खर्ड्याच्या अंगाला. आमचं येनंजानं न्हाई."

एवढं बोलून त्यानं विषय मिटवला. स्टेलाला राग आला. मास्तर जावई कुणाला नको असतो, आणि हा मिळालेला टाकून देतो, असं तिच्या मनात आलं. पण गिऱ्हाइकाच्या घरात डोकवायचं नाही हा तिचा नियम होता, आणि शिवाय समई कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे आठवत नव्हतं. तिनं फोटो स्कॅनरवर पालथा घातला, स्कॅनिंग जास्तीत जास्त बारीक ठेवलं आणि काम सुरू केलं.

गोरक्षनाथच्या समाधानासाठी तिनं आधी बटणच दाबलं. कॉम्प्युटरनं क्षणभर विचार केला आणि मुंग्यांची रांग फिरायला लागली. बैलाभोवती फिरली आणि मुलीभोवतीही फिरली, दोघांची मिळून एकच रांग. मधे कुठंही खंड नव्हता. शेपटीचा गोंडा तेवढा बाहेर राहिला होता, कारण तो मागच्या टेम्पोच्या काळ्या टायरवर आला होता.

"हे काय झालं?" सूर्यभान खुर्ची ओढून जवळ आला होता.

"याला दोघं एकच वाटतात, बाबा."

"येडं दिसतंय."

"येडं नाही. याला नाती कळत नाहीत."

"मग त्याला सांगा की."

सांगायचं म्हणजे मुलगी वेगळी करून दाखवायची. स्टेलानं क्विक सिलेक्शन घेतलं. हा एक ब्रश असतो. तो नुसता फिरवत न्यायचा, सारखा रंग जिथवर सापडेल तिथवर तो आपणहून पसरतो, आणि कडा लागली की थांबतो. स्कर्टवर फिरवला तर तो काय सुरेख थांबला. निळं ते निळं, पांढरं ते पांढरं. सूर्यभाननं मान हलवली. मग स्टेला ब्लाऊजवर गेली, आणि ब्रश ब्लाऊजवरून जो निघाला तो सरळ हौश्याच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत शिरला आणि वशिंडापर्यंत पोचला. तिनं ऑल्टची कळ दाबून उलटा फिरवला, तर वशिंड सुटलं आणि त्याच्याबरोबर मुलीचा हातही गेला. पुन्हा हात घेतला, पुन्हा वशिंड आलं. बैल पांढरा, ब्लाऊज पांढरा, आणि वीस वर्षांत दोघंही सारखेच पिवळे पडलेले. त्यात कागदाची ती खरबरीत नक्षी. ब्रशनं थांबायचं कुठं, त्याला कडाच सापडेना.

"हात निराळा, मान निराळी," सूर्यभान बोटानं दाखवत म्हणाला. "आंधळ्यालाबी दिसंल."

"तुम्हाला माहीत आहे म्हणून दिसतंय. रंग एकच आहे."

म्हाताऱ्यानं वाकून नीट पाहिलं, डोळे बारीक केले.

लॅसो स्टेलानं हातात घेतला तो फक्त मुलीची जमिनीवरची सावली काढण्यापुरता. लॅसो म्हणजे मोकळ्या हातानं गोल मारणं. मातीवरची सावली, ढग, डाग, असल्या ऐसपैस गोष्टींना तो चांगला. कडा थोडी मऊ करायची, आतला भाग आसपासच्या मातीनं भरून टाकायचा, कुणाला कळत नाही. सावली अशी गेली की मुलगी हवेत उभी राहिली. पण बोटं आणि कासरा यांच्यात लॅसो चालवायचा म्हणजे कुऱ्हाडीनं नखं काढणं. हात कितीही स्थिर असला तरी माऊस थरथरतोच, आणि स्क्रीनवर मुंगीएवढं दिसणारं थरथरणं दहा फुटांच्या फ्लेक्सवर वीतभर होतं.

राहिला पेन. स्टेलाला पेन आवडायचा आणि म्हणूनच ती तो शेवटी घ्यायची. पेनला रंग कळत नाही, कडा कळत नाही, काहीच कळत नाही. आपण बिंदू ठेवायचा, तो ओढून रेषेला बाक द्यायचा, मग पुढचा बिंदू. जिथं कॉम्प्युटरला काही दिसत नाही तिथं माणसाच्या डोळ्याला जे दिसतं, त्यावर तो चालतो. वेळ लागतो. आणि जवळ जावं लागतं. लांबून पेन चालवता येत नाही.

म्हणून ती जवळ गेली. चारशे टक्के. स्क्रीनवर आता बैल नव्हता, मुलगी नव्हती, टेम्पो नव्हता. मुलीची मूठ तेवढी होती, पडदाभर. मुठीतून कासरा गेलेला. स्टेलानं करंगळीपाशी पहिला बिंदू ठेवला.

"थांबा," सूर्यभान म्हणाला. "हे पांढरं काय?"

मुठीवर काहीतरी गुंडाळलेलं होतं. लांबून ते कासऱ्याची गाठ वाटत होतं, स्टेलालाही तसंच वाटलं होतं. आता दिसत होती ती कापडाची पट्टी, अंगठ्याच्या मुळातून दोनदा फिरवलेली, आणि तिच्या टोकाला कसलीतरी बारीक लाल रेघ.

"फडकं बांधलंय," ती म्हणाली. "लाल काठ आहे त्याला."

"उपरन्याचा काठ हाय त्यो. माझ्या."

मागं बाक वाजलं. छबूबाई उठून येऊन उभी राहिली होती. सूर्यभाननं मागं पाहिलं नाही.

"हितंच," तो म्हणाला आणि त्यानं दाराबाहेर रस्त्याकडं हात केला. "घेतला त्याला, आन भायेर काढला, तर टरकानं भोंगा मारला. हौश्या उधळला. मी लांब, बेपाऱ्यापाशी. ही पोरगी कासऱ्याला. फरफटत गेली रस्त्यानं, पार त्या पुलापतूर. मी वरडतोय, सोड, अगं सोड! मरंल का र्‍हाईल अशी गत. तिनं न्हाई सोडला. कासऱ्यानं हात सोलला, सालपट निघालं. मग परत तळावर आनून उपरनं फाडलं म्या अन् बांधलं. तेवढ्यात त्यो फोटोवाला आला, काढू का म्हनला."

"म्हणून हसत नाहीय ती," स्टेला म्हणाली.

"हसंल कशी? हात पेटला हुता." त्यानं पडद्यावरच्या फडक्याकडं बोट केलं. "तिनं सोडला असता तर हौश्या टरकाखाली जात हुता. त्याच दिशी."

स्टेलाचा माऊस करंगळीवर थांबून होता. तिला गलबलून आलं, आणि तिनं ते लपवलं नाही, नाक ओढलं आणि दुसरा बिंदू ठेवला. काम काम होतं. पट्टीच्या काठाकाठानं ती मनगटाकडं निघाली.

"हात र्‍हाऊ द्या," सूर्यभान म्हणाला.

"काय?"

"हात र्‍हाऊ द्या तेवढा. कासरा कुनीतरी धरायला पायजे का न्हाई? मोकळं जनावर चांगलं दिसत न्हाई. लोक म्हनतील, बेवारशी हुता."

यात तथ्य होतं. स्टेलानं बिंदू मनगटाच्या अलीकडं घेतले, हात बाहेर ठेवला आणि बाकीच्या मुलीभोवती सावकाश पाथ, म्हणजे पेनची ती बंद रेषा, पुरा केला. त्याचं सिलेक्शन करून मुलगी झाकली. समई सापडली, ती आणून मुलीच्या जागी उभी केली. समई मुलीपेक्षा बारीक होती, त्यामुळे दोन्हीकडून भोक दिसत होतं, पण ते नंतर बैलाचीच कातडी इकडून तिकडं लावून बुजवता आलं असतं. मग तिनं सगळा फोटो पडद्यावर मावेल एवढा लहान केला. तिघांनी पाहिलं.

समईला हात फुटला होता. ज्योतीच्या जरा खालून तो निघाला होता आणि त्यानं बैल धरला होता.

"हे भुताटकी दिसती," सूर्यभान म्हणाला.

"मी तेच म्हणणार होते."

"दहाव्याला भुताटकी नको. कोपरापतूर घ्या."

स्टेलानं बिंदू सरकवले. कोपरापर्यंतचा हात मनगटापर्यंतच्या हातापेक्षा वाईट दिसला. मनगटाला निदान चमत्कार म्हणता आलं असतं, हा सरळ अपघात वाटत होता.

"खांद्यापतूर घ्या."

खांद्यापर्यंत घेतला तर ब्लाऊजची बाही आली, बाहीबरोबर ब्लाऊजची बाजू आली, कारण ती वेगळी करायची म्हणजे पुन्हा कापायचं कुठं हा प्रश्न. "तेवढी घ्या," सूर्यभान म्हणाला. बाजू घेतली तर कमरेचा पट्टा लोंबायला लागला. "स्कर्ट घ्या. उगं पोरीचं अर्धं अंग कशाला?" पाय आपोआप आले. समई एव्हाना मागं जाऊन बैलाच्या पोटापाशी उभी होती आणि तिथं तिचं काहीच काम नव्हतं. प्रत्येक वेळी म्हातारा एखादी अडचण सांगायचा, आणि प्रत्येक अडचण खरीच असायची. शेवटी फोटोत एक मुलगी उभी होती, शाळेच्या पोशाखात, हाताला फडकं बांधलेली, आणि तिला डोकं नव्हतं.

स्टेलानं हात मांडीवर ठेवले. इथून पुढं अडचण सांगायला जागा नव्हती. बिनडोक्याची पोर बरी दिसत नाही हे म्हाताऱ्यानं म्हणायचं, आणि म्हणायचं तर डोक्याला चेहरा असतो. छबूबाईचा श्वास स्टेलाच्या कानामागं वाजत होता.

"डोकं बी त्यातच हाय का?" सूर्यभाननं विचारलं.

"त्यातच आहे. फक्त झाकलंय."

"मग उघडा की. झाकून कशाला ठिवलंय?"

स्टेलानं उघडलं. न हसणारी अश्विनी तिघांकडं बघायला लागली.

आता मुलगी ठेवायची म्हटल्यावर सगळा हिशोबच फिरला. स्टेलानं पेनचा पाथ पुसला आणि मूळ स्कॅनवर जाऊन पुन्हा ते पहिलं बटण दाबलं. आता ते शंभर टक्के बरोबर होतं. बैल आणि पोरगी एका रांगेत आली, मागचा टेम्पो आणि गर्दी बाहेर गेली. शेपटीचा गोंडा तिनं केसांच्या बारीक ब्रशनं टायरवरून सोडवून घेतला, कासऱ्याचा लोंबता भाग पेननं नीट केला, मघाशी काढलेली सावली दोघांच्या पायाखाली परत आणली, आणि मागं हिरवं शेत टाकलं. चहा यायच्या आत झालं. गोरक्षनाथ असता तर त्यानं हेच मी म्हणत होतो असं म्हटलं असतं. समई कोपऱ्यात गेली. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. हौश्या', त्याखाली दशक्रियाविधीचा वार, वेळ आणि ठिकाण.

नमुना सचिनला पाठवला तसा त्याचा फोन आला. सूर्यभाननं तो कानाला न लावता समोर धरला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आबा, ती कशी आली त्यात?"

"निघंना," सूर्यभान म्हणाला.

"निघंना म्हंजी? बाईला द्या फोन."

स्टेलाच्या आयुष्यात असा प्रसंग पहिलाच होता. निघत नाही हा शब्द तिनं धंद्यात कधी उच्चारला नव्हता. तिनं वरातीतून नवरदेव काढला होता, मोर्चातून पुढारी काढला होता, आणि एकदा एका बाईच्या कडेवरून दुसरीचं पोर काढून दिलं होतं. म्हातारा तिच्याकडं बघत नव्हता. पण फोन धरलेला हात त्यानं तिच्या तोंडापाशी आणला होता.

"बैल पांढरा, ब्लाऊज पांढरा," ती फोनमध्ये म्हणाली. "कॉम्प्युटर दोघांना एकच धरतोय. तिला काढलं तर बैलाची मान फाटते."

"मग दुसऱ्या दुकानात न्या."

"न्या की. फाटेल ती सगळीकडं फाटेल."

पलीकडं मंडपवाला काहीतरी ओरडला. सचिन म्हणाला की त्याला सासरच्यांपुढं मान खाली घालावी लागणार. सूर्यभान म्हणाला, "मग घाल." आणि फोन बंद कसा करायचा ते त्याला येत नसल्यानं त्यानं तो तसाच खिशात टाकला. खिशातून सचिनचं बोलणं थोडा वेळ ऐकू आलं, मग थांबलं.

मशीन सुरू झालं. फ्लेक्स वरून खाली उतरायला लागला, आधी आकाश, मग शिंगं. मुलीचा भांग आला तशी छबूबाई मशीनजवळ गेली आणि शाई ओली असते, हात लावू नका असं स्टेलानं सांगितल्यावर हात पाठीमागं बांधून उभी राहिली. ती आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. मुठीवरचं फडकं उतरलं, वीतभर मोठं, लाल काठासकट, आणि मग ती बोलली.

"बाई, ह्यो फोटू एका नंबरावर धाडता यील का?"

"येईल की. सांगा नंबर."

छबूबाईनं सांगितला. कागद नाही, फोन नाही, मधे थांबणं नाही. शाळेत पाढा म्हणावा तसा तिनं तो घडाघडा म्हटला आणि म्हणून झाल्यावर नवऱ्याकडं न बघता पदर तोंडापाशी घेतला. एवढी वर्षं येणंजाणं नव्हतं त्या घरात हा नंबर तिनं कुणाला चोरून आणि कुणाच्या फोनवरून लावला असेल, ते तिचं तिला ठाऊक. स्टेलानं आकडे टाकले.

"त्यो जुना झाला," सूर्यभान म्हणाला. तो टोपी झटकत दाराकडं तोंड करून उभा होता. "दिवाळीच्या आधीच बदललाय तिनं. नवा घ्या." आणि त्यानं दहाच्या दहा आकडे पाठ म्हटले.

छबूबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. सूर्यभाननं टोपी आणखी दोनदा झटकली, तिच्यावर काहीच नव्हतं.

स्टेलानं जुना नंबर खोडून नवा टाकला. तिला पुढचं दिसायला जरा त्रास होत होता, म्हणून तिनं चष्मा पुसला. "खाली काही लिहू का, बाबा? या म्हणून?"

"आनखी काय लिव्हायचं?" सूर्यभान म्हणाला. "वार छापलाय, टाइम छापलाय. मास्तरीन हाय ती, वाचता येतंय तिला."